१.०८ कुठून आला?

बजेटच्या एक्सेल फाईलमध्ये कच्च्या मालाच्या शीटवर एका सेलवर सहज क्लिक केलं आणि वरच्या पट्टीत `=D14*1.08` उमटलं. पुढच्या सेलमध्येही तेच, त्याच्या पुढच्या सेलमध्येही. मार्चपर्यंत बाराच्या बारा महिने १.०८. फाईल करणारा माणूस नोकरी सोडून गेला होता, त्यामुळे विचारायची सोय नव्हती. हे आठ टक्के कसले? मिरची आठ टक्के महागेल म्हणून? विक्री आठ टक्के वाढेल म्हणून? की मिरचीचे देठ काढताना, भाजताना, कुटताना आठ टक्के माल घटतो म्हणून? तिन्ही कारणं तितकीच शक्य वाटतात, आणि तिन्हींचा अर्थ वेगळा. त्यातलं तिसरं असेल तर आकडाच चुकला आहे. घट आठ टक्के असेल तर शंभर किलो मसाल्याचा माल हाती यायला एकशे आठ किलो मिरची पुरत नाही. शंभरला ०.९२ने भागावं लागतं, म्हणजे जवळपास १०८.७ किलो लागतात. फॉर्म्युल्यात कोंबलेला आकडा मुका असतो. तो चूक आहे की बरोबर, हे ठरवायला आधी तो काय सांगतोय ते कळायला हवं.

असे सगळे आकडे उचलून एका वेगळ्या शीटवर आणायचे, आणि बाकीच्या शीट्सनी फक्त तिथूनच वाचायचं, ही पद्धत हिशोबात काम करणाऱ्या कुणालाच नवी नाही. फाईलमध्ये पहिल्या टॅबवर ‘असम्प्शन्स’, म्हणजे गृहीतं, असं नाव असतं, सेल निळ्या अक्षरांत असतात, पाहणाऱ्याला बरं वाटतं. पण अशा शीट्स बघत गेल्यावर जाणवतं की आकडा जागेवरून हलवला म्हणून तो बोलका होत नाही. ‘वाढ : १२%’ एवढंच लिहिलेली ओळ त्या १.०८इतकीच मुकी असते, फक्त दिसायला नेटकी.

उदाहरण म्हणून कांदा-लसूण मसाला करणारा एक लहान कारखाना घेऊ. फेब्रुवारी-मार्चमध्ये नवी मिरची येते, पोत्यांच्या थप्प्या लागतात, भाजणीच्या खोलीतला ठसका थेट ऑफिसापर्यंत पोहोचतो, आणि नेमक्या त्याच दिवसांत पुढच्या वर्षाचं बजेट करायचं असतं. समजा गेल्या वर्षी ९६,००० किलो मसाला विकला गेला, म्हणजे महिन्याला सरासरी ८,००० किलो. मालक म्हणतात, २०२६-२७ला बारा टक्के वाढ धरा. सगळे मान डोलावतात.

आता हे बारा टक्के कशावर?

विक्रीप्रमुखाच्या मनात असतं की वर्षाची एकूण विक्री गेल्या वर्षीच्या एकूण विक्रीपेक्षा बारा टक्के जास्त. म्हणजे १,०७,५२० किलो. फाईल करणारा मुलगा मात्र हिशोबाला पक्का असतो. तो विचार करतो, बारा टक्के वर्षाला म्हणजे महिन्याला एक टक्का नव्हे, चक्रवाढ धरून साधारण ०.९५ टक्के. आणि ८,००० किलोपासून दर महिन्याला तेवढी वाढ लावत जातो. वर्षअखेरच्या मार्चचा आकडा बरोबर ८,९६० येतो, म्हणजे बारा टक्के वाढ. त्याचं समाधान होतं. पण बारा महिन्यांची बेरीज केली तर सुमारे १,०२,१३० किलो भरतात. वर्षभराची वाढ जेमतेम ६.४ टक्के. दोघांनीही बारा टक्केच धरले, आणि दोघांत सुमारे ५,४०० किलोंचा फरक पडला. किलोला ४०० रुपये हाती येत असतील तर साडेएकवीस लाख रुपये. यात गणिताची चूक कुणाचीच नाही. एकाने वर्षाची वर्षाशी तुलना केली, दुसऱ्याने वर्षअखेरच्या मार्चची गेल्या वर्षीच्या सरासरी महिन्याशी. शीटवर ‘वाढ : १२%’च्या शेजारी ‘२०२५-२६च्या एकूण किलोंवर, २०२६-२७चे एकूण किलो’ एवढे शब्द लिहिले असते तर ही फाटाफूट झालीच नसती. ‘किलो’ हा शब्दही तितकाच महत्त्वाचा. तो नसेल तर कुणीतरी रुपयांतली वाढ समजतो आणि त्यावर भाववाढ पुन्हा चढवतो.

एकूण आकडा ठरल्यावर तो महिन्यांत वाटायचा. इथे बहुतेक फायली गेल्या वर्षीचा तोच महिना घेतात आणि १.१२ने गुणतात. पावसाळ्यात रेनकोट विकणाऱ्याचं यात फारसं बिघडत नाही. पण आपला माल कांदा-लसूण मसाला आहे, आणि श्रावणात कितीतरी घरांत कांदा-लसूण वर्ज्य असतो. २०२५मध्ये श्रावण २५ जुलैला लागला आणि २३ ऑगस्टला संपला. म्हणजे सात दिवस जुलैत, तेवीस ऑगस्टमध्ये. २०२६मध्ये मात्र अधिक ज्येष्ठ आहे, त्यामुळे श्रावण १३ ऑगस्टपासून ११ सप्टेंबरपर्यंत. म्हणजे एकोणीस दिवस ऑगस्टमध्ये, अकरा सप्टेंबरमध्ये, आणि जुलै पूर्ण मोकळा. गेल्या वर्षीचा महिना गुणून काढलेलं बजेट जुलैत विक्री कमी दाखवेल आणि सप्टेंबरमध्ये जास्त. मग सप्टेंबरच्या आढावा बैठकीत विक्रीची माणसं मान खाली घालून बसतील, आणि त्यांची चूक एवढीच की पंचांग फाईल करणाऱ्याने पाहिलं नाही. दिवाळीचंही तेच. २०२५ची ऑक्टोबरात झाली, २०२६ची नोव्हेंबरात आहे. बोनस कुठल्या महिन्यात द्यायचा आणि त्याआधी बँकेत पैसे किती लागतील, हे त्यावर ठरतं.

म्हणून महिन्यांचे वाटे ही असम्प्शन्स शीटवरची स्वतंत्र आडवी ओळ असायला हवी. बारा टक्केवाऱ्या, आणि शेवटी बेरीज १०० येते का ते सांगणारा एक सेल. मग विक्रीच्या शीटवरचा फॉर्म्युला अगदी साधा राहतो.

```
=Base_Kg * (1 + Vol_Growth) * Assumptions!F$8
```

यात `F` हा स्तंभ सगळ्या शीट्सवर एकाच महिन्याचा असावा. एप्रिल एका शीटवर `D`मध्ये आणि दुसऱ्या शीटवर `C`मध्ये असेल तर फॉर्म्युला ओढताना कधीतरी एक महिना सरकतोच, आणि बेरीज शंभरच येत असल्यामुळे तपासणीत ते सापडतही नाही. एवढ्या क्षुल्लक शिस्तीने निम्म्या चुका टळतात, असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

भावाकडे वळू. ‘भाव : ४०० रुपये’ हेही अर्धंच वाक्य आहे. २०० ग्रॅमच्या पुडीवर ११० रुपये छापले असतील तर किलोला ५५० होतात. त्यातून ५ टक्के जीएसटी गेला, दुकानदाराचं सुटलं, वितरकाचं सुटलं, योजनेत दहावर एक फुकट दिली, की कारखान्याच्या हाती चारशेच्या आसपास राहतात. छापील किंमत, वितरकाला लावलेला दर आणि योजना वजा जाता हाती येणारा दर या तीन ओळी वेगळ्या ठेवल्या तर वाद होत नाहीत. एकच ओळ असेल तर विक्रीवाला तीत त्याला माहीत असलेला दर भरतो, आणि त्याला नेहमी वितरकाचा दरच माहीत असतो.

भाववाढीला तर तारीख लागतेच. ‘भाववाढ : ५%’ असं लिहिलं की फाईल ती एप्रिलपासून लावून टाकते. प्रत्यक्षात जुन्या किमतीच्या छापील पुड्यांचा साठा संपायला वेळ लागतो, वितरकांना पत्र जायला हवं, आणि वाढ १ जुलैला लागू होते. १,०७,५२० किलो आणि ४०० रुपये धरून वर्षभराचे पाच टक्के साधारण साडेएकवीस लाख होतात. नऊच महिने मिळाले आणि विक्री सारखी वाटली गेली असं धरलं तर सोळा लाखांच्या थोडं वर. शिवाय वाढीची कुणकुण लागली की वितरक जूनमध्ये जुन्या भावाने माल भरून ठेवतात, आणि जुलै कोरडा जातो. ते वाट्यांच्या ओळीत दिसायला हवं. तारीख असम्प्शन्स शीटवर ठेवली, आणि चौथ्या ओळीत महिन्यांच्या तारखा असल्या, की फॉर्म्युला असा होतो.

```
=Price_Old * IF(F$4 >= Price_From, 1 + Price_Rise, 1)
```

इथे एक कपटी चूक दडलेली असते. `Price_From`च्या सेलमध्ये कुणी तारीख अशा पद्धतीने टाकली की एक्सेलने ती तारीख न समजता नुसता मजकूर समजला, तर तुलना दरवेळी खोटी ठरते, कारण एक्सेलच्या क्रमात कुठलाही मजकूर कुठल्याही संख्येपेक्षा मोठा असतो. लाल खूण येत नाही, `#VALUE!` येत नाही. भाववाढ अख्ख्या वर्षात लागतच नाही, आणि फाईल शांतपणे कमी नफा दाखवत राहते. ओळखायची खूण सोपी आहे. खरी तारीख सेलच्या उजव्या कडेला चिकटते, मजकूर डावीकडे. पण कुणी सेल मध्यभागी आणून ठेवला असेल तर तीही खूण जाते, म्हणून शेजारी `=ISNUMBER(Price_From)` ठेवावं.

भाव आणि पगार यांत आणखी एक प्रश्न लपलेला असतो: आकडा महागाईसकट आहे की महागाई वगळून? हा प्रश्न फक्त लहान कारखान्यांचा नाही. ब्रिटनमध्ये लंडनहून वायव्येकडे जाणाऱ्या वेस्ट कोस्ट रेल्वेमार्गाचा ठेका २०१२मध्ये एका कंपनीला जाहीर झाला आणि ऑक्टोबरमध्ये सरकारला तो मागे घ्यावा लागला. ठेकेदाराने किती रकमेची हमी द्यायची हे काढताना वाहतूक खात्याच्या गणितात महागाई वगळलेले आणि महागाई धरलेले आकडे एकमेकांत मिसळले होते. त्यानंतर ब्रिटिश सरकारने आपल्या खात्यांतली अशी गणिती मॉडेल्स कशी तपासली जातात याचाच वेगळा आढावा घेतला. शेजारच्या स्तंभात ‘चालू भावाने’ किंवा ‘स्थिर भावाने’ हे दोन शब्द लिहायचा कंटाळा किती महाग पडू शकतो, ते त्यातून दिसतं.

हेडकाउंट हा या शीटचा सगळ्यात माणसाळलेला भाग, आणि सगळ्यात जास्त फसवणाराही. अनेक फायलींत ‘माणसं : ४६, सरासरी पगार : २४,०००, वाढ : ८%’ अशा तीन ओळी असतात आणि त्यावर पगाराचा अख्खा खर्च उभा असतो. हे वर्षभर कुणी आलं-गेलं नाही तरच टिकतं. त्यापेक्षा प्रत्येक पदाला एक ओळ द्यावी: पद, संख्या, रुजू होण्याचा महिना, मासिक पगार, वाढीचा महिना, वाढीचा टक्का. माणसांची नावं लिहू नयेत. ही शीट सगळ्यांना दिसते, आणि शेजारच्याचा पगार एकदा वाचलेला माणूस तो विसरत नाही.

मग कायद्याचे दर येतात. भविष्यनिर्वाह निधीत मालकाचे १२ टक्के, त्यावर प्रशासन शुल्क आणि विम्याचा अर्धा-अर्धा टक्का, म्हणजे एकूण १३. मर्यादेपुरतंच भरायचं ठरलं असेल तर १५,००० रुपयांवर, म्हणजे माणशी १,९५०. हे लिहिताना दर आणि मर्यादा हे दोन वेगळे सेल हवेत, कारण दोन्ही बदलू शकतात आणि एकाच दिवशी बदलतील असं नाही.

```
=MIN(G12, PF_Ceiling) * PF_Rate
```

ईएसआयमध्ये, म्हणजे कामगारांच्या आरोग्यविम्यात, मालकाचा दर ४.७५ टक्के होता, तो १ जुलै २०१९पासून ३.२५ झाला. आर्थिक वर्षाच्या मध्येच. ज्यांनी तो दर प्रत्येक ओळीत हाताने लिहिला होता त्यांनी फाईलभर ‘शोधा आणि बदला’ चालवलं, आणि एप्रिल ते जूनचे आकडेही बदलून टाकले. दराशेजारी ‘कधीपासून’ हा स्तंभ असता तर एक ओळ वाढवून काम झालं असतं. याच ईएसआयची दुसरी गंमत अशी. मर्यादा २१,००० रुपयांची. पॅकिंगमधल्या एखाद्याला २०,२०० मिळतात, जुलैत सहा टक्के वाढ होते, पगार २१,४१२ होतो. साधा फॉर्म्युला म्हणतो, मर्यादा ओलांडली, जुलैपासून ईएसआय शून्य. नियम तसा नाही. वर्गणीचा काळ एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च असा असतो, आणि काळाच्या मध्ये मर्यादा ओलांडली तरी तो संपेपर्यंत वर्गणी भरावीच लागते, तीही पूर्ण पगारावर. अशी चौदा माणसं असतील तर तीन महिन्यांचा फरक साधारण २९ हजार. रक्कम किरकोळ आहे, त्यासाठी बजेट कोसळत नाही. खरं तर इथे मी थोडा आळस समजून घेईन. प्रत्येक नियम फॉर्म्युल्यात बसवत गेलं तर फाईल वाचायला वकील लागेल. ‘काळाच्या मधली वाढ धरलेली नाही, फरक ३० हजारांच्या आत’ अशी टीप लिहून पुढे गेलं तरी चालतं.

चालत नाही ती दुसरी गोष्ट. विक्रीसाठी चार नवी माणसं घ्यायची आहेत, प्रत्येकी ३५,०००, एप्रिलपासून. वरच्या ओळीत वाढ १२ टक्के. ही माणसं सध्याच्या नोकरीत नोटीस देऊन जुलैत येतात, आणि पगाराच्या शीटवर ४ लाख २० हजार वाचलेले दिसतात. बजेटपेक्षा खर्च कमी, सगळे खूश. पण बारा टक्के वाढ ज्या नव्या तालुक्यांतून यायची होती, तिथे तीन महिने कुणी गेलंच नाही. शीटवर या दोन ओळींमध्ये तीस ओळींचं अंतर आहे आणि एकही दुवा नाही. एक बदलली तरी दुसरी ढिम्म हलत नाही. असम्प्शन्स शीटचा सगळ्यात मोठा दोष मला हाच वाटतो. ती प्रत्येक गृहीत स्वतंत्र असल्यासारखं मांडते, आणि धंद्यात जवळपास कुठलंच गृहीत स्वतंत्र नसतं. त्यावर एक कामचलाऊ उपाय आहे. वाढ एकाच आकड्यात न ठेवता फोडायची. जुन्या भागातून ७ टक्के, आणि बाकीची नव्या माणसांमागे महिन्याला अमुक किलो, रुजू झाल्यापासून तिसऱ्या महिन्यापासून. मग रुजू होण्याचा महिना सरकवला की पगारही सरकतो आणि विक्रीही. फॉर्म्युला थोडा लांबतो, पण आकडा खरं बोलायला लागतो.

मिरचीचा भाव, इंधन, विक्री यांच्या ‘बरा-वाईट-मधला’ अशा तीन बाजू करायच्या असतील तर तीन स्तंभ आणि एक निवडीचा सेल पुरतो.

```
=CHOOSE(Case_No, D10, E10, F10)
```

फक्त स्तंभांना ‘कमी’ आणि ‘जास्त’ अशी नावं देऊ नयेत. ‘कमी’च्या स्तंभात कुणी वाढही कमी भरतो आणि मिरचीचा भावही कमी, आणि वाईट बाजूचा नफा मधल्या बाजूपेक्षा चांगला दिसू लागतो. वाईट म्हणजे नफ्याला वाईट. विक्री खाली, मिरची वर, पैसे उशिरा.

एवढं सगळं बांधल्यावर ते खरंच जोडलेलं आहे का हे पाहायला फार वेळ लागत नाही. वाढ शून्य करावी, भाववाढ शून्य करावी, नवी माणसं शून्य करावीत. विक्री गेल्या वर्षीच्या आकड्यावर येऊन थांबली पाहिजे, रुपयाचाही फरक नको. फरक उरला तर कुठेतरी एक १.०८ अजून लपलेला आहे. तो हुडकायला गणिताच्या शीटवर `F5` दाबून `Special`मध्ये `Constants` निवडावं, हाताने टाकलेले सगळे आकडे उजळतात. पण `=D14*1.08` यात उजळत नाही, कारण ते फॉर्म्युलाच आहे. त्यासाठी `Ctrl` आणि `` ` `` दाबून सगळे फॉर्म्युले उघडे करून डोळ्यांनी वाचावेत. रोज नजर राहावी म्हणून तपासणीच्या शीटवर एक मोजणी ठेवता येते.

```
=SUMPRODUCT(--ISNUMBER(Sales!D5:O60), --NOT(ISFORMULA(Sales!D5:O60)))
```

उत्तर शून्य यायला हवं. बजेटच्या शेवटच्या आठवड्यात ते हमखास तीन किंवा चार होतं, कुणीतरी ‘तात्पुरता’ आकडा फॉर्म्युल्यावर टाइप करून गेलेलं असतं. उलट बाजूही तपासावी. असम्प्शन्स शीटवरचा एकेक सेल धरून `Trace Dependents` केलं की दुसऱ्या शीटकडे जाणारी तुटक रेघ आणि छोटं चित्र दिसतं. ज्या सेलमधून एकही रेघ निघत नाही तो मेलेला असतो. त्यात काहीही भरा, काही होत नाही. अशा सेलवर बैठकीत अर्धा-अर्धा तास चर्चा झालेली असते, हे आठवलं की हसावं की रडावं कळत नाही.

या शीटबद्दल एक गोष्ट मला सुखाची आणि भीतीची अशी दोन्ही वाटते. सगळं नीट जोडलं की एका सेलमध्ये १२चे १५ केले आणि नफा, कर्ज, व्याज, सगळं क्षणात हलतं. कर्जासाठी बँकेला सीएमए डेटा, म्हणजे पुढचे अंदाजी आकडे, द्यायच्या आदल्या संध्याकाळी ही सोय फार मोहात पाडते. अमुक गुणोत्तर यायला वाढ किती हवी, हे उलटं शोधायला `Goal Seek` आहेच. त्या संध्याकाळी १२चा १४.३ होतो, कारण बँकेला तसं दिसायला हवं असतं, आणि जूनमध्ये विक्रीच्या माणसाला विचारलं जातं की तुझं १४.३चं लक्ष्य का हुकलं. त्याने तो आकडा कधी ऐकलेलाही नसतो. म्हणून प्रत्येक ओळीला ‘कुणी सांगितलं’ आणि ‘कधी’ असे दोन स्तंभ असावेत, आणि मंजूर झालेला आकडा एका कुलूपबंद स्तंभात तसाच राहावा. बदल शेजारच्या ‘चालू’ स्तंभात करावा, फाईल तिथून वाचेल. ऑक्टोबरात मिरचीचा भाव वेगळा निघाला की ‘चालू’ बदलेल, ‘मंजूर’ जागच्या जागी असेल, आणि १४.३च्या ओळीत ‘कुणी सांगितलं’ या चौकटीत बँकेचं नाव लिहायचं की मालकांचं, हा प्रश्न त्या संध्याकाळीच सोडवावा लागेल.